संघटनेला पाठवायचा ईमेल: फुटबॉलच्या डी लायसन्स कोर्सची चौकशी शिक्षकाने कशी करावी

"सर, मला कोचिंग सर्टिफिकेट कोर्सबद्दल माहिती हवी आहे. फी किती व पात्रता काय ते कृपया कळवावे."

जिल्ह्यातल्या फुटबॉल संघटनेचा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं बघतो. असे मेल जून-जुलैत आणि परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये हटकून येतात. लिहिणारा बहुतेक वेळा शिक्षक असतो, आणि मेल इतकाच असतो. खाली नाव असतं, कधी मोबाइल नंबर असतो, कधी तोही नसतो.

याला उत्तर द्यायचं तर मला आधी विचारावं लागतं की प्रशिक्षकाचा कोर्स हवाय की पंचांचा, तुमचं वय किती, आधी काही केलंय का, आणि सुट्टी कधी आहे. पण आमच्यासारख्या संघटनेत पगारी कर्मचारी नसतो. मानद सचिव दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळतो आणि रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर मोबाइलवर मेल उघडतो. तो हे चार प्रश्न विचारत बसत नाही. "कोर्स जाहीर झाल्यावर कळवू" एवढं टाकतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. इथे शिक्षकाला वाटतं, संघटना दाद देत नाही. माझ्या मते दोघांचीही फार चूक नसते. मेलमध्ये उत्तर देण्याजोगं काही नसतं, एवढंच.

मागच्या हंगामात कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी असाच मेल केला होता. विज्ञान-गणित शिकवतात, बी.एस्सी. बी.एड. आहेत, पण शाळेचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ तेच बघतात. शाळेत क्रीडाशिक्षक नाही. लहानपण कोल्हापुरात पेठेत गेलेलं, त्यामुळे तालमीच्या संघातून खेळलेले आणि शाहू स्टेडियमवर उन्हात बसून सामने पाहिलेले. त्यांच्या पहिल्या मेलला उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या मेलला दोन दिवसांत मुद्देसूद उत्तर गेलं. त्या दोन मेलमध्ये काय बदललं, ते क्रमाने सांगतो. उदाहरण फुटबॉलचं आहे, कारण मला तेच नीट माहीत आहे.

आधी ठरवा, कुठला कागद हवाय

"कोचिंग सर्टिफिकेट" या शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या देणारी माणसंही वेगळी असतात.

फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची एक शिडी आहे. सुरुवातीच्या पायरीला सगळे डी लायसन्स म्हणतात. त्यापुढे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी हा भारतीय महासंघाचा म्हणजे एआयएफएफचा कोर्स आहे. सीपासून पुढची लायसन्स आशियाई महासंघाच्या म्हणजे एएफसीच्या चौकटीतली असतात. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काही काळ प्रत्यक्ष संघ शिकवलेला असावा लागतो. त्यामुळे शाळेतल्या शिक्षकाचा प्रश्न जवळजवळ नेहमी डीचाच असतो. "मला सी लायसन्स करायचं आहे, डी केलेलं नाही" असा मेल आला, की लिहिणाऱ्याने चौकशी केलेली नाही हे पहिल्याच ओळीत कळतं. डीच्या खालीही लहान मुलांना खेळवण्यासाठीचे एक-दोन दिवसांचे ग्रासरूट कोर्स असतात. पाचवी-सहावीची मुलं हाताळणाऱ्याला तेवढंही पुष्कळ होतं.

दुसरी गोष्ट पंचांचा कोर्स. तो पूर्ण वेगळा आहे. कबड्डी-खोखोकडे "पंच परीक्षा" हा शब्द इतका रुळलाय, की तिकडून आलेले शिक्षक फुटबॉलमध्येही "परीक्षा कधी आहे?" असंच विचारतात. मग पंचांची माहिती मिळते आणि तीच प्रशिक्षकाची समजून लोक फॉर्म भरून मोकळे होतात.

तिसरी गोष्ट पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, बोलीभाषेत एनआयएस. 1961 साली सुरू झालेली ही सरकारी संस्था खेळवार एका वर्षाची पदविका देते आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही घेते. तिथला अर्ज थेट संस्थेकडे जातो. संघटनेला विचारून फार तर खेळल्याच्या दाखल्याचा प्रश्न सुटतो, प्रवेशाचा नाही. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. शाळेची उन्हाळी सुट्टी 2 मे ते 14 जून धरली तर 44 दिवस होतात. म्हणजे कोर्स बरोबर सुट्टीत बसला तरी जाण्यायेण्याला दोनच दिवस उरतात, आणि कोल्हापूर ते पतियाळा एका दिवसाचा प्रवास नाही. रजेचं गणित आधी मांडल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

बी.पी.एड. ही चौथी गोष्ट. ती शिक्षकाची पदवी आहे, एखाद्या खेळाच्या प्रशिक्षकाची नाही. डी कोर्सला ती लागत नाही. कागलच्या सरांना नेमकी हीच शंका होती आणि पहिल्या मेलमध्ये ती लिहिलेली नव्हती.

कुणाला पाठवायचा

महाराष्ट्रात फुटबॉलची राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा. तिचा पत्ता मुंबईतल्या कूपरेज मैदानाचा. जिल्ह्याजिल्ह्यांत तिच्याशी संलग्न संघटना आहेत; कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी केएसए. गोव्यातल्या शिक्षकाने गोवा फुटबॉल असोसिएशनकडे जावं. वर दिल्लीत महासंघ.

डी कोर्स प्रत्यक्षात राज्य संघटना भरवते, कधी जिल्ह्याच्या मदतीने, आणि शिकवायला महासंघाने मान्यता दिलेला प्रशिक्षक येतो. म्हणून मुख्य मेल राज्य संघटनेला आणि प्रत जिल्हा संघटनेला, हा माझा सल्ला. जिल्ह्याला प्रत देण्याचं कारण साधं आहे. एका कोर्सला साधारण दोन डझन माणसं घेतात. आपल्या भागातून आठ-दहा नावं आली, तर जिल्हा सचिव "कोर्स इकडेच द्या" असं वर सांगू शकतो. तुमचा मेल त्याच्याकडे नसेल तर तुम्ही त्याच्या मोजणीत नसता.

दिल्लीला थेट लिहू नका. तिथून मेल राज्याकडेच येतो आणि मध्ये दोन आठवडे जातात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय हेही वेगळं दुकान आहे: शालेय स्पर्धा, वाढीव गुण, अनुदान हे विषय त्यांचे, लायसन्सचा कोर्स त्यांचा नाही. उलट "डी लायसन्स केल्यावर पगारवाढ मिळेल का, सेवापुस्तकात नोंद होईल का?" हे संघटनेला विचारून काही मिळत नाही. ते शाळेला आणि शिक्षण विभागाला विचारायचं.

बाकीच्या खेळांत रचना अशीच, पण प्रत्येकाची एक गोम असते. क्रिकेटवाल्यांनी आधी आपला जिल्हा कुणाकडे येतो ते बघावं, कारण महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन वेगळ्या संघटना आहेत. काही खेळांत एकाच राज्यात दोन गट आपापल्या कोर्सची जाहिरात करतात. अशा वेळी राष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर संलग्न राज्य संघटनांची यादी असते, तीत नाव आहे का ते बघायचं. महासंघाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का, हेही मंत्रालयाच्या यादीत सापडतं. दोन्ही ठिकाणी नाव नसेल तर मेल करायची गरज नाही.

मेलच्या आधी अर्धा तास

संघटनेच्या संकेतस्थळावर आणि फेसबुक पानावर गेल्या कोर्सचं परिपत्रक शोधा. नवं नसलं तरी जुनं सापडतं, आणि त्यात वय, कागदपत्रं, फी, कोर्सचे दिवस हे सगळं असतं. ते वाचून झालं की तुमच्या मेलचा सूर बदलतो. "फी किती?" याऐवजी "मागच्या परिपत्रकात फी अमुक होती, यंदा तीच आहे का?" असं विचारता येतं, आणि याचं उत्तर "हो" किंवा नवा आकडा, एवढंच असतं.

मग स्वतःचे कागद समोर घ्या. दहावीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, खेळल्याची प्रमाणपत्रं. तिन्हींवर नाव एकसारखं आहे का बघा. हे मी मुद्दाम सांगतोय. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचं दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असतं, आधार सासरच्या. कुणाच्या आधारवर वडिलांचं नाव नसतं, कुणाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं. ऑनलाइन नोंदणीत एकदा पडलेलं नाव पुढे प्रमाणपत्रावर छापून येतं, आणि ते बदलायला कोर्सपेक्षा जास्त पत्रव्यवहार लागतो.

मेल कसा लिहायचा

स्वतःच्या ईमेलवरून लिहा, शाळेच्या नाही. शाळेच्या मेलवर आलेलं उत्तर बहुधा लिपिकाच्या खोलीत पोचतं आणि सुट्टीत तो मेल कुणी उघडत नाही.

टाइप युनिकोडमध्ये करा. शाळेच्या कार्यालयात अजून बऱ्याच ठिकाणी जुने फॉन्ट आहेत. त्यात टाइप केलेला मजकूर तिथल्या संगणकावर मराठी दिसतो, पण मेलमध्ये चिकटवला की माझ्या मोबाइलवर कंस, टक्के आणि रोमन अक्षरांचा काला होऊन येतो. असे मेल मला वर्षाला चार-पाच येतात. मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड वापरलात तर हा प्रश्नच नाही. जिल्हा संघटनेला मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. राज्य संघटनेलाही मराठी चालतं, पण तुमचं नाव, जन्मतारीख आणि ईमेल एकदा रोमन अक्षरांतही द्या, म्हणजे यादीत उतरवताना चूक होत नाही.

विषयाची ओळ रिकामी सोडू नका, आणि "माहिती मिळणेबाबत" एवढंही लिहू नका. शासकीय पत्राची ती सवय इथे उपयोगाची नाही. मला मेल शोधायचा असतो तेव्हा मी "डी" किंवा तालुक्याचं नाव टाकून शोधतो.

कागलच्या सरांचा दुसरा मेल असा होता. नाव-गाव काढून देतोय:

> विषय: डी लायसन्स कोर्स चौकशी, मे महिना, कागल (कोल्हापूर), माध्यमिक शिक्षक
>
> मा. मानद सचिव,
> स. न. वि. वि.
>
> मी कागल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सहशिक्षक आहे. विषय विज्ञान व गणित. गेली चार वर्षे शाळेच्या 17 वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाचा सराव मी घेतो. मला डी लायसन्स कोर्स करायचा आहे.
>
> माझी माहिती: वय 34. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. महाविद्यालयाच्या संघातून दोन वर्षे खेळलो आहे, प्रमाणपत्र आहे. याआधी प्रशिक्षकाचा किंवा पंचांचा कोणताही कोर्स केलेला नाही. शाळेची सुट्टी 2 मे ते 14 जून आहे. या काळात महाराष्ट्रात कुठेही येऊ शकतो.
>
> मागील कोर्सचे परिपत्रक वाचले. त्यानंतर उरलेले प्रश्न असे:
>
> 1. 2 मे ते 14 जून या काळात डी कोर्स होणार आहे का? असल्यास कुठे?
> 2. माझ्याकडे बी.पी.एड. नाही. वरील माहितीवर मी पात्र आहे का?
> 3. फी मागील परिपत्रकाइतकीच आहे का? त्यात राहणे व जेवण धरले आहे का?
> 4. शाळेने फी भरल्यास पावती शाळेच्या नावे मिळेल का?
> 5. शेवटच्या मूल्यमापनात कमी पडल्यास पुन्हा बसण्याची सोय व त्याची फी काय?
>
> परिपत्रक निघाल्यावर याच मेलवर पाठवावे, ही विनंती. प्रत: जिल्हा संघटना.
>
> आपला विश्वासू,
> (पूर्ण नाव, मोबाइल, गाव)

यात नमस्कारापासून सहीपर्यंत एकही वाक्य फुकट नाही. तरी दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो.

पहिली, स्वतःची माहिती प्रश्नांच्या आधी आली आहे. पात्रतेचा प्रश्न हवेत विचारला की उत्तरही हवेतलंच मिळतं: "परिपत्रक पाहा." पण वय, खेळल्याचा अनुभव आणि आधीचे कोर्स समोर आले की वाचणारा मनात बरोबरच्या खुणा करत जातो. डीसाठी वय किमान 18 लागतं, ते झालं. खेळलेला आहे, झालं. संघ शिकवतोय, उत्तम. आणि मग तो "आपण पात्र आहात" असं लिहून टाकतो.

दुसरी, प्रत्येक प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं. माझ्या अनुभवात सचिव मंडळी अशा मेलला उत्तर देताना प्रश्नाचा आकडा टाकून पुढे दोन शब्द लिहितात. पाच प्रश्न पुरेत. तेरा प्रश्नांचा मेल आला की तो "रविवारी निवांत बघू" या डब्यात जातो, आणि तसा रविवार उगवत नाही.

शिक्षिकांनी एक प्रश्न जरूर वाढवावा: फक्त महिलांसाठीचा कोर्स होणार आहे का? महासंघ असे कोर्स मधूनमधून घेतो. आणि निवासी कोर्स असेल तर मुक्कामाची सोय वेगळी आहे का, हेही सरळ विचारावं.

कागदपत्रं चौकशीच्या मेलला जोडू नका. आधारची प्रत तर मागितल्याशिवाय कुणालाच पाठवू नका. अर्जाच्या वेळी पाठवाल तेव्हा प्रत्येक कागद वेगळा, सरळ उभा स्कॅन केलेला, आणि फाइलच्या नावावरून कळेल असा. मला एकाच दिवशी `IMG_2041.jpg` पासून `IMG_2049.jpg` पर्यंत नऊ फोटो आले होते. त्यात दोन आडवे होते आणि एक जेवणाच्या ताटाचा.

फीचं उत्तर आलं की काय बघायचं

फीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शिक्षक इथेच फसतात. मी कुणी फसवतं असं म्हणत नाही. आकडा वाचण्यात चूक होते.

डी कोर्स काही दिवसांचा असतो. त्यात वर्गातली सत्रं, खेळाचे नियम आणि मैदानावर तुम्ही स्वतः सराव घेऊन दाखवायचा भाग असतो. रोज सकाळ-संध्याकाळ मैदान असतं, त्यामुळे गावाहून ये-जा करून चालत नाही. म्हणजे फीइतकाच राहण्याचा प्रश्न मोठा. वेगवेगळ्या ठिकाणच्या कोर्सची फी सारखी नसते, आणि फरक बहुतेक वेळा मुक्काम-जेवण धरण्या-न धरण्याचा असतो.

समजा एका ठिकाणी फी 8,000 रुपये आहे, बिगरनिवासी. दुसरीकडे 14,000, निवासी. पहिला आकडा पाहून कुणीही तिकडेच धावेल. आता सहा दिवसांचा हिशेब करू. साध्या लॉजची खोली रात्रीला 900 धरली तर सहा रात्रींचे 5,400. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा मिळून दिवसाला 350, म्हणजे 2,100. जाण्यायेण्याचे 1,500. बेरीज 17,000. दुसऱ्या ठिकाणी 14,000 आणि प्रवासाचे तेच 1,500, म्हणजे 15,500. वर मैदान आणि मुक्काम एकाच आवारात असला तर पहाटे रिक्षा शोधावी लागत नाही. हे आकडे समजुतीसाठी घेतलेत. तुमचे तुम्ही घाला. पण बेरीज कागदावर केल्याशिवाय ठिकाण निवडू नका. नातेवाइकाकडे राहणार असाल तर अर्थातच पारडं उलटं फिरतं.

याशिवाय फीबद्दल दोन गोष्टी लेखी घ्या. एक, कर धरून आकडा आहे की वेगळा. दोन, तुम्ही ऐनवेळी येऊ शकला नाहीत तर पैसे परत मिळतात, पुढच्या कोर्सला वळवतात, की बुडतात. शिक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक नाही. मेमध्येसुद्धा पेपर तपासणी, निवडणुकीचं काम, प्रशिक्षण असं काही ना काही अंगावर येतं. परिपत्रकात परताव्याचा उल्लेख नसेल तर तो मिळत नाही असं धरून चाला.

शाळा फी भरणार असेल तर पावती कुणाच्या नावे, हे पैसे भरण्याआधी ठरवा. तुमच्या खात्यातून गेलेल्या पैशांची पावती नंतर शाळेच्या नावावर करून देणं आमच्या हिशेबनिसाला जमत नाही, आणि तुमचे लेखापरीक्षक तुमच्या नावाची पावती मान्य करत नाहीत. मध्ये लोंबकळतात ते तुम्ही.

पैसे फक्त संघटनेच्या नावाच्या बँक खात्यात, परिपत्रकात छापलेल्या क्रमांकावर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर समोर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा आणि सचिवांना फोन करा. "जागा भरत आल्यात, आजच टाका" असं सांगणारा फोन आला तर आणखी सावकाश व्हा.

उत्तर नाही आलं तर

आठ दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर देऊन वर एक ओळ लिहा: "खालील मेलबाबत आपल्या उत्तराची वाट पाहत आहे." नवा मेल लिहू नका, कारण दोन वेगळे मेल झाले की दोघांपैकी एकाला उत्तर मिळतं आणि ते अर्धं असतं. तरीही काही नाही आलं तर फोन, संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये. त्याआधी माणूस कामावर किंवा मैदानावर असतो. फोनवर "मी अमुक तारखेला मेल केला होता, कागलहून, डी कोर्ससाठी" एवढं सांगितलं की आम्ही बोलता बोलता मेल उघडतो. जे काही ठरेल ते त्याच मेलवर दोन ओळींत लिहून घ्या. फोनवरच्या "होऊन जाईल सर" ला मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंमत नसते.

उत्तर आल्यावर शाळेत

कागलच्या सरांना जे उत्तर गेलं ते जवळजवळ असं होतं: सुट्टीत कोर्स घेण्याचं ठरत आहे, तारखा वीस नावं जमल्यावर, बी.पी.एड. लागत नाही, आपण पात्र. फी परिपत्रकात येईल, बहुधा निवासी. पावती शाळेच्या नावे मिळेल, आधी कळवा. पुन्हा बसता येतं, फी वेगळी.

यातलं "तारखा नावं जमल्यावर" हे वाक्य नीट वाचा. कोर्स आठ-दहा दिवस आधी पक्का होतो, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून परवानगीचं काम तारखांची वाट पाहत ठेवायचं नाही. सरांनी उत्तराची छापील प्रत जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला की सुट्टीत असा कोर्स होण्याची शक्यता आहे, तारखा आल्यावर कळवतो, ना हरकत पत्र मिळावं. सुट्टीतला कोर्स असेल तर रजेचा प्रश्न येत नाही, पण मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि सुट्टीतल्या कामांतून मोकळीक लागते. शाळा चालू असताना कोर्स असेल तर कर्तव्यरजा मिळेल की किरकोळ रजा खर्ची पडेल, हे संस्थेवर आहे. तिथे निमंत्रणाचं किंवा निवडीचं पत्र लागतं, चौकशीच्या उत्तरावर भागत नाही. ते पत्र संघटनेकडून मागून घ्यायचं आणि त्यात कोर्सच्या पहिल्या व शेवटच्या दिवसाची तारीख असेल हे बघायचं.

एक तयारी मात्र मेलवर होत नाही. कोर्समध्ये तुम्हाला स्वतः मैदानात उतरून पास, टर्न, पहिला स्पर्श हे करून दाखवावं लागतं, आणि दुसऱ्यांच्या सराव सत्रात खेळाडू म्हणून पळावंही लागतं. बरीच वर्षं शिट्टी तोंडात घेऊन कडेला उभं राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसतो. सरांनी एप्रिलपासूनच शाळेच्या पोरांबरोबर संध्याकाळी अर्धा तास पळायला सुरुवात केली. बुटांची नवी जोडीही कोर्सच्या आधी पंधरा दिवस घालून सैल करून घेतली. वैद्यकीय दाखला मागितला जातो, तो तालुक्याच्या ठिकाणी काढायला एक दुपार धरा.

कोर्सला प्रवेश मिळाल्यावर नोंदणीचा फॉर्म येईल. त्यात नावाचा रकाना भरताना दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. सरांच्या आडनावात दहावीला एक जास्तीचा `a` होता आणि आधारवर नव्हता. त्यांनी फॉर्म भरण्याआधी मला विचारलं, मी राज्याकडे विचारलं, आणि कुठला कागद धरायचा ते मेलवर लिहून घेतलं. तो मेल त्यांनी अजून जपून ठेवलाय. सी लायसन्सच्या वेळी लागेल म्हणतात.